मराठी किती येते? इंदूरच्या रविवारच्या वर्गाची परीक्षा तयार करताना

दोन वर्षांपूर्वी रामबागेतल्या आमच्या रविवारच्या मराठी वर्गात एकाच आठवड्यात दोन पालक तक्रार घेऊन आले. पहिल्यांच्या मुलीला प्रवेशाच्या परीक्षेत ५० पैकी ४४ गुण मिळाले होते, म्हणून आम्ही तिला वरच्या गटात बसवलं. ती तीन रविवार एक शब्द न बोलता बसून राहिली आणि चौथ्या रविवारी वर्गाला यायचं नाही म्हणून घरी रडली. दुसरा १३ वर्षांचा मुलगा, लोकमान्य नगरातला. त्याला ११ गुण होते, म्हणून तो बाराखडी गिरवणाऱ्या लहान मुलांमध्ये बसला. त्याची आई म्हणाली, "ताई, हा घरी आजीशी दिवसभर मराठीतच बोलतो. बाराखडीच्या गटात काय करेल हा?"

ती परीक्षा मीच काढली होती. लिंग बदला, वचन बदला, विभक्ती ओळखा, समानार्थी शब्द लिहा आणि शेवटी दहा ओळींचा निबंध. आपण शाळेत जशी देत आलो तशीच. मुलीला सुट्टीत एका बाईंकडे व्याकरणाची शिकवणी लावली होती आणि हिंदी माध्यमाच्या शाळेत कारक, लिंग, वचन हे सगळं झालेलंच होतं. निबंध तिने पाठ केला होता. मुलाला मात्र मराठी लिहायची सवय अजिबात नव्हती. त्याने निम्मा पेपर कोरा ठेवला. म्हणजे माझ्या परीक्षेने शिकवणी मोजली होती, मराठी मोजली नव्हती. हे लक्षात आल्यावर मला फार वाईट वाटलं, कारण एक मूल त्यापायी भाषेला घाबरायला लागलं होतं.

माझी एक मैत्रीण पुण्याला वीस वर्षं जर्मन शिकवून आता आईजवळ राहायला इंदूरला आली आहे. तिला दोन्ही पेपर दाखवले. तिने पेपर बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारला, "तुला या मुलांबद्दल नेमकं काय जाणून घ्यायचंय?" मी म्हटलं, कुठल्या गटात बसवायचं ते. "मग गट कशावरून ठरतो ते आधी लिही. प्रश्नपत्रिका सगळ्यात शेवटी." पुढचे आठ महिने आम्ही जे केलं त्याची ही हकिगत आहे. आमच्याबरोबर तिसरे होते ते एक निवृत्त सर, ज्यांनी शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं आहे.

जर्मन किंवा फ्रेंच शिकणाऱ्यांच्या तोंडी ए-१, बी-२ असे शब्द असतात ते आपण ऐकलेले असतात. ती काउन्सिल ऑफ युरोपची २००१ सालची श्रेणी. सहा पायऱ्या आहेत. ए म्हणजे प्राथमिक वापर करणारा, बी म्हणजे स्वतःच्या बळावर वापर करणारा, सी म्हणजे प्रवीण, आणि प्रत्येकाचे दोन भाग. मला वाटायचं की ए-१ मध्ये वर्तमानकाळ, ए-२ मध्ये भूतकाळ असा अभ्यासक्रम त्यात दिलेला असेल. तसं काही नाही. त्यात फक्त वाक्यं आहेत, आणि प्रत्येक वाक्य 'हा माणूस या भाषेत काय करू शकतो' एवढंच सांगतं. ए-१ चा माणूस समोरचा सावकाश, स्पष्ट बोलत असेल आणि मदत करायला तयार असेल तर साधं बोलणं करू शकतो. बी-१ चा माणूस प्रवासात पडणारे बहुतेक प्रसंग निभावून नेतो, घडलेली गोष्ट सांगतो, आपल्या मताचं थोडक्यात कारण देतो. बी-२ ला समोरच्याला ताण न देता संवाद चालू राहतो. सी-१ ला शब्द फारसा शोधावा लागत नाही. कुठल्याही एका भाषेचं व्याकरण त्यात नाही, कारण ही श्रेणी सगळ्या भाषांसाठी आहे.

ही वाक्यं कुणी खुर्चीत बसून रचली नाहीत, हे मला मैत्रिणीकडून कळलं आणि त्यामुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. १९९० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये ब्रायन नॉर्थ आणि ग्युंटर श्नायडर यांनी अशी शेकडो वाक्यं शिक्षकांपुढे ठेवली. शिक्षकांनी ती आपापल्या खऱ्या विद्यार्थ्यांना लावून पाहिली. ज्या वाक्याचा अर्थ वेगवेगळ्या शिक्षकांनी वेगवेगळा लावला ते गळलं, ज्याची अवघडपणाची जागा पक्की राहिली ते टिकलं.

अमेरिकेत परकीय भाषांच्या शिक्षकांची ॲक्टफल ही संस्था आहे, तिची श्रेणी वेगळी. त्यात नॉव्हिस, इंटरमीजिएट, ॲडव्हान्स्ड आणि त्याच्याही वर दोन पायऱ्या आहेत. दोन्ही श्रेणी एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत, पण आमच्या तीन गटांना ॲक्टफलची मांडणी जास्त उपयोगी पडली, कारण तिच्यात पायरी बदलते कुठे ते फार स्वच्छ दिसतं. सुरुवातीचा माणूस पाठ केलेले शब्द आणि तयार वाक्यं वापरतो, याद्या करतो. मधला माणूस स्वतःचं नवं वाक्य जुळवतो, प्रश्न विचारतो आणि साधं काम उरकून येतो. वरचा माणूस झालेली, चाललेली, होणारी गोष्ट परिच्छेदाएवढी सलग सांगतो आणि कामात अचानक अडचण आली तरी तीही भाषेतच सोडवतो. आणि एक अट अशी की हे एकदा जमून चालत नाही, वेगवेगळ्या विषयांवर टिकून राहावं लागतं. पुष्कळदा जमतं पण मध्येच तुटतं, असा माणूस खालच्याच पायरीवर, तिच्या वरच्या टोकाला धरला जातो.

तोंडी परीक्षा आम्ही त्याच पद्धतीने घेतली. आधी दोन-तीन मिनिटं गप्पा, मूल मोकळं व्हावं म्हणून. मग जी पायरी असेल असं वाटतं त्या पायरीचे दोन-तीन प्रश्न. ते आरामात जमले की एक पायरी वरचा प्रश्न. तिथे भाषा तुटली की पुन्हा खाली यायचं, दुसरा विषय घ्यायचा आणि पुन्हा वर जाऊन पाहायचं. जिथे मूल सहज उभं राहतं ती त्याची जमीन, जिथे डोकं आपटतं ते छत. दोन्ही दिसल्याशिवाय मुलाखत संपवायची नाही. शेवटी पुन्हा सोपं काहीतरी विचारायचं, म्हणजे मूल हरल्याच्या भावनेने उठत नाही. एकेकाला पंधरा-वीस मिनिटं लागली. सगळं मोबाइलवर रेकॉर्ड केलं, पालकांची परवानगी घेऊन.

४४ गुणांच्या मुलीला मी विचारलं, "तुझ्या खोलीत काय काय आहे?" ती म्हणाली, "पलंग. टेबल. पंखा. पुस्तकं. खिडकी." उच्चार सुरेख, एकही चूक नाही. मग मी तिला म्हटलं, "मी काल नाशिकहून आले. मला चार प्रश्न विचार बघू." ती म्हणाली, "तुमचं नाव काय?" मग थांबली. "तुम्ही कुठे राहता?" मी म्हटलं, नाशिकला. मग बराच वेळ गेला. तिने माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "हिंदी में पूछूँ?" पहिले दोन प्रश्न तयार होते, तिसरा तिला जुळवायचा होता. "कशाने आलात", "किती वेळ लागला", काहीही चाललं असतं. पण व्याकरणातलं 'करण कारक' तिला ठाऊक असूनही "कशाने" हा शब्द हाताशी नव्हता. सुरुवातीची आणि मधली पायरी यांच्यामधली भिंत मला त्या एका शांततेत दिसली. तेव्हापासून 'मला चार प्रश्न विचार' हा आमचा कायमचा प्रश्न झाला आहे. उत्तरं देणं मुलं पाठ करून येऊ शकतात, समोरच्याने आयत्या वेळी सांगितलेल्या गोष्टीवर प्रश्न विचारणं पाठ करता येत नाही.

११ गुणांच्या मुलाची मुलाखत अगदी उलटी झाली. ओंकारेश्वरच्या सहलीचं विचारलं तर त्याने बस कुठे बंद पडली, मामाने ड्रायव्हरशी काय भांडण केलं, मग सगळे टेम्पोत कसे बसले, सगळं क्रमाने, भूतकाळात, न अडखळता सांगितलं. मग आम्ही वरच्या पायरीचा प्रसंग दिला. शेजारच्या आजींची मोठी कढई मागून आणली होती, तिचा कान तुटला, आता जाऊन आजींना सांग. आजी झाले सर. मुलगा म्हणाला, "आजी, रागवू नका हं. तुमचा कढईचा एक कान निघून गेला. माझी गलती नाहीये, तो पहलेच ढिला होता. मी उद्या राजवाड्याजवळ घेऊन जातो, तिथे एक जण जोडून देतो. तोपर्यंत आमचा भांडा ठेवून घ्या." सर मुद्दाम अडून बसले, "मला आजच लागते रे, संध्याकाळी पाहुणे येणारेत." मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मग मी आईला सांगतो, तुमच्याकडचं जे काय तळायचं असेल ते ती आमच्याकडे तळून देईल."

मी वहीत 'वरचा गट' लिहिलं. सरांनी 'सुरुवातीचा, फार तर मधला' लिहिलं. "अहो, 'गलती', 'पहले', 'आमचा भांडा' म्हणतो. कढईला 'तुमचा' म्हणतो. ही मराठी आहे का?" सरांचा राग खोटा नव्हता. इंदूरमध्ये मराठी टिकावी म्हणून त्यांनी आयुष्य घालवलं आहे आणि त्यांना ती झिजताना दिसते. पण माझंही म्हणणं होतं की मुलाने अडचण सोडवली, तीही दोनदा, आणि समोरच्या बाईचा मान राखून.

२४ जणांच्या रेकॉर्डिंगवर आम्ही दोघांनी एकमेकांची वही न बघता पायऱ्या लिहिल्या होत्या. जुळल्या फक्त १४. म्हणजे मुलाची पायरी त्याच्या मराठीवर कमी आणि वही कुणाच्या हातात आहे त्यावर जास्त ठरत होती. मोठ्या परीक्षांमध्ये बोलण्याला दोन परीक्षक स्वतंत्रपणे गुण का देतात, हे तेव्हा मला पुरतं कळलं.

वाद सोडवला तो श्रेणीतल्याच एका ओळीने. ॲक्टफलच्या मांडणीत 'समजण्याजोगं' हे कोणाला, तेही सांगितलेलं असतं. मधल्या पायरीवरचं बोलणं शिकाऊ माणसांची सवय असलेल्या, समजून घेणाऱ्या श्रोत्याला कळतं. वरच्या पायरीचं बोलणं अशी सवय नसलेल्यालाही कळलं पाहिजे. आणि आम्ही तर सगळेच सवयीचे श्रोते! इंदूरमध्ये मराठीत हिंदी मिसळली तरी कुणाच्या कानाला खटकत नाही. म्हणून सहा रेकॉर्डिंग मी माझ्या साताऱ्याच्या मावशीला ऐकवली. ती कधी इंदूरला आलेली नाही. जिथे कळणार नाही तिथे हात वर कर, एवढंच तिला सांगितलं.

'गलती', 'पहले', 'ढिला' यांवर मावशीने हात वर केला नाही. 'आमचा भांडा' ऐकून हसली, पण हात खालीच. हिंदीत नपुंसकलिंग नसल्यामुळे आमची मुलं भांडं, घर असे शब्द पुल्लिंगात ओढतात, ती चूक आहेच, पण तिने अर्थ अडत नाही. मावशीचा हात वर गेला तो भलत्याच ठिकाणी. दुसऱ्या एका मुलीने सांगितलं होतं, "आपण ओंकारेश्वरला गेलो होतो." मावशीने विचारलं, "आपण म्हणजे? तू पण होतीस का त्यांच्याबरोबर?" मुलाखत मी घेत होते आणि मी काही गेले नव्हते. मुलीला 'आम्ही' म्हणायचं होतं. इंदूरच्या हिंदीत 'अपन' सगळ्याला चालतं, म्हणून 'आपण' आणि 'आम्ही' यांतला, ऐकणाऱ्याला आत घेण्याचा की बाहेर ठेवण्याचा फरक तिच्या मराठीत उरलाच नव्हता. सर आणि मी दोघांनीही ते रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं होतं, आमच्या कानांना काही लागलं नव्हतं.

सरांना हे फार पटलं, कारण त्यांची शुद्धतेची तळमळ त्यात वाया जात नव्हती, तिला नेमकी जागा मिळत होती. आम्ही ठरवलं की सवय नसलेल्या श्रोत्याचा अर्थ जिथे अडतो ती चूक पायरी ठरवताना धरायची. बाकीच्या चुका वहीत टिपायच्या, शिकवण्यासाठी. तीन आठवड्यांनी जुन्या नोंदी न पाहता पुन्हा पायऱ्या लिहिल्या, तेव्हा २४ पैकी २० जुळल्या आणि उरलेल्या चारांत एकाच पायरीचा फरक होता. त्या चार मुलांची मुलाखत मैत्रिणीने पुन्हा घेतली. (काउन्सिल ऑफ युरोपनेही २०२० च्या सुधारित आवृत्तीत 'नेटिव्ह स्पीकर' हा शब्द आपल्या वाक्यांमधून काढून टाकला आहे, त्याच्या जागी 'ती भाषा बोलणारे' असं आलं. इंदूरची मराठी पुण्याच्या मापाने मोजायची की नाही यावर आम्ही पुष्कळ भांडलो होतो, त्यामुळे मला हा बदल वाचून बरं वाटलं.)

वाचनाच्या पेपरची गोष्ट वेगळीच झाली. वीस प्रश्न, चार-चार पर्याय. मला वाटलं हे काम सोपं. सुरुवातीच्या पायरीसाठी मी मंडळाच्या फळ्यावरच्यासारखी सूचना घेतली. "रविवार दिनांक १२ रोजी सायंकाळी ६ वाजता सभागृहात संगीत कार्यक्रम आयोजित करण्यात आला आहे. सर्व सदस्यांनी उपस्थित राहावे." प्रश्न: कार्यक्रम कधी आहे?

२४ जणांनी पेपर सोडवला. मैत्रिणीने एकूण गुणांप्रमाणे सगळ्यांना ओळीने लावलं, वरचे आठ आणि खालचे आठ वेगळे काढले आणि प्रत्येक प्रश्नासाठी दोनच गोष्टी मोजल्या: वरच्या आठांत कितींचं बरोबर, खालच्या आठांत कितींचं. सूचनेच्या प्रश्नात वर ८, खाली ७. फरक एकाचा, म्हणजे आठात एक, ०.१२. साधारण ०.३ च्या वर फरक असेल तर प्रश्न माणसं वेगळी करतो आणि ०.२ च्या खाली असेल तर तो प्रश्न ठेवण्यात फारसा अर्थ नाही, असा ढोबळ नियम आहे. आठ-आठ जणांच्या गटात एका मुलाच्या चुकीने आकडा ०.१२ ने हलतो, त्यामुळे दशांशावर जीव टाकायचा नाही, फक्त फार वाईट प्रश्न त्यातून शोधायचे. मला आधी वाटलं, सोपा प्रश्न आहे, सगळ्यांना येणारच, त्यात वाईट काय?

तेव्हा मैत्रीण म्हणाली, "हाच पेपर मराठी मुळीच न येणाऱ्यांना दे." माझ्या भाचीच्या कॉलेजातली दहा हिंदीभाषक मुलं बोलावली. ज्यांच्या घरात कुणी मराठी बोलत नाही अशीच. सूचनेचा प्रश्न दहापैकी नऊ जणांनी बरोबर सोडवला. रविवार, दिनांक, सायंकाळ, सभागृह, संगीत, कार्यक्रम, आयोजित, सदस्य, उपस्थित, सगळे शब्द त्यांच्या रोजच्या वर्तमानपत्रातले, आणि लिपीही तीच. माझ्या वीस प्रश्नांपैकी सात असे निघाले. हिंदीने केलेलं काम मी मराठीच्या खात्यावर जमा करत होते. शिवाय मी जे सोपं समजून लिहीत होते ती औपचारिक भाषा होती, आणि इंदूरच्या मुलांना मराठीतली औपचारिक भाषाच सोपी जाते, घरगुती अवघड जाते. पुण्यामुंबईच्या मुलांसाठी केलेली सोप्याकडून अवघडाकडे जाणारी उतरंड इथे उलटी लागते.

त्या सूचनेच्या जागी आम्ही ही चिठ्ठी घातली:

"येताना दळण घेऊन ये. गिरणी बंद असली तर राहू दे, उद्या बघू. आणि काकूंकडे किल्ली ठेवलीय, ती काही विसरू नकोस."

प्रश्न: गिरणी बंद असेल तर आज काय आणायचं? दळण आणि किल्ली, फक्त दळण, फक्त किल्ली, की काहीच नाही?

यात लांब शब्द एकही नाही, व्याकरण साधं आहे. पण उत्तराचा शब्द चिठ्ठीतून उचलून पर्यायाशी जुळवता येत नाही. 'बंद असली तर राहू दे' कळलं पाहिजे आणि 'विसरू नकोस' हा नकार असला तरी ते आणण्याचं सांगणं आहे हेही कळलं पाहिजे. हिंदीभाषक मुलांपैकी तिघांचं बरोबर आलं. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं तरी दहात दोन-तीन येतातच, म्हणजे ते अंदाजच होते. एका मुलाने नंतर विचारलं, "असली तर का मतलब 'ओरिजिनल हो तो' है क्या?" आमच्या २४ जणांत वरच्या आठांपैकी ७ बरोबर, खालच्या आठांपैकी २. फरक ०.६२. अशाच पद्धतीने सातही प्रश्न बदलले.

हिंदी कळणारं मूल मराठीतली औपचारिक सूचना खरोखरच वाचू शकतं, ही खोटी क्षमता नव्हे, हेही इथे सांगायला हवं. नोकरीसाठी 'मराठी पत्र वाचता येतं का' हे पाहायचं असतं तर ती सूचना चांगला प्रश्न ठरली असती. आम्हाला मुलं गटांत बसवायची होती आणि त्या कामासाठी ती निरुपयोगी होती. आणि म्हणूनच आता आम्ही वाचनाची आणि बोलण्याची पायरी वेगवेगळी लिहितो, दोन्हींची बेरीज करत नाही. ११ गुणांचा मुलगा बोलण्यात वरच्या गटात आहे आणि लिहिण्यात पहिल्या. दोन्ही खरं आहे.

एक प्रश्न तर उलटाच वागला. 'मी त्याला ____' यात 'म्हणालो' बरोबर आणि 'बोललो' चूक, असं उत्तर सरांनी धरलं होतं. वरच्या आठांत तिघांचं बरोबर आलं, खालच्या आठांत पाचांचं. जास्त मराठी येणारे जास्त चुकत असतील तर चूक मुलांची नसते, उत्तरसूचीची असते. घरात मराठी बोलणारी मुलं 'मी त्याला बोललो' सर्रास म्हणतात. आजकाल मुंबईतही म्हणतात. सरांनी तो प्रश्न स्वतःच काढून टाकला.

उत्तीर्णतेची रेघ कुठे मारायची, यावर मी ३५ टक्के म्हटलं, सवयीने. त्याला आधार काय, यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. विल्यम अँगॉफ यांच्या नावाने ओळखली जाणारी १९७१ सालापासूनची एक पद्धत आहे, ती वापरली. मधल्या गटात जेमतेम बसेल असं मूल डोळ्यांपुढे आणायचं आणि प्रत्येक प्रश्नाला ठरवायचं की अशा दहा मुलांपैकी कितींचं बरोबर येईल. तिघांनी वेगवेगळं लिहून सरासरी काढली, वीस प्रश्नांची बेरीज झाली ११.६. म्हणून मधल्या गटाची रेघ १२ वर. पहिल्या फेरीत दळणाच्या चिठ्ठीला सरांनी दहात ९ लिहिले होते, मी ५. मग सरांना २४ जणांचे खरे आकडे दाखवले आणि त्यांनी ६ केले.

त्या मुलीला आम्ही पहिल्या गटात नेलं नाही. तिला वाचता छान येत होतं, लहान मुलांमध्ये बसवलं असतं तर पुन्हा रडली असती. मधल्या गटात बसवून दर रविवारी पहिली दहा मिनिटं फक्त प्रश्न विचारण्याचा खेळ सुरू केला, सगळ्यांसाठी. मुलगा बोलण्याच्या तासाला वरच्या गटात येतो आणि लिहिण्याच्या तासाला खाली जातो. त्याला त्यात कमीपणा वाटत नाही. तिथल्या छोट्यांना तो गोष्टी सांगतो.

गेल्या महिन्यात नव्या प्रवेशांची फेरी झाली. पेपर तपासताना मला दिसलं की चिठ्ठीचा प्रश्न जवळजवळ सगळ्यांचा बरोबर आहे, ज्यांना बोलता मुळीच येत नाही त्यांचासुद्धा. एका मुलाला विचारलं तर म्हणाला, "दादाने सांगितलं, दळणवाल्यात 'फक्त किल्ली' लिही." प्रश्न बाहेर गेला होता, भावंडांमधून, शिकवणीतून. आता प्रत्येक जागेसाठी तीन-तीन चिठ्ठ्या तयार ठेवायच्या आहेत, एकसारख्या अवघड. सरांनी काल एक लिहून पाठवली: "डबा भरून ठेवलाय. बाबांना उशीर झाला तर तूच देऊन ये, नाहीतर तेच नेतील." प्रश्न: बाबा वेळेवर आले तर डबा कोण नेणार? मला 'नाहीतर' आवडलं. हिंदीत 'नहीं तो' आहे, त्यामुळे हा प्रश्न हिंदीवाल्यांनाही सुटेल अशी मला शंका आहे. येत्या शनिवारी भाचीने पुन्हा दहा मुलं बोलावली आहेत.